लहान मुलांचा खोकला: पातेल्यातली वाफ आणि मेडिकलमधले सिरप

प्रश्न: आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, वजन साडेअकरा किलो. सहा दिवसांपासून सर्दी-खोकला आहे. रात्री खोकून उठतो, एक-दोनदा खोकताना उलटीही झाली. दिवसा खेळतो, जेवण थोडे कमी आहे. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन रोज दोन वेळा पातेल्यातली वाफ देतात. मेडिकलमधून आणलेले सर्दी-खोकल्याचे सिरप दिवसातून तीनदा आणि तापाचे सिरप चारदा चालू आहे. मोठ्या मुलीच्या वेळी याच उपायांनी गुण आला होता. छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुले दगावल्याच्या बातम्या वाचल्यापासून भीती वाटते. वाफ आणि सिरप चालू ठेवावे की बंद करावे? (तासगाव, जि. सांगली)

उत्तर: वाफ आणि सर्दी-खोकल्याचे सिरप, दोन्ही आजच बंद करावीत. ती हळूहळू कमी करण्याची गरज नाही, एकदम थांबवली तरी काही बिघडत नाही. तापाचे सिरप फक्त ताप असेल आणि मूल त्याने मलूल दिसत असेल तेव्हाच, वजनाप्रमाणे मोजून द्यावे. ताप नसताना वेळापत्रकाप्रमाणे ते देत राहण्याने खोकल्यावर काहीच परिणाम होत नाही. दिवसा खेळणारे, थोडे कमी का होईना पण जेवणारे मूल सहाव्या दिवशी रात्री खोकत असेल, तर ती बहुतेक वेळा विषाणूजन्य साधी सर्दी असते. तरीही तुमच्या मुलाचा श्वास एकदा मोजून पाहावा लागेल. तो कसा मोजायचा ते शेवटी सांगतो.

मोठ्या मुलीला गुण आला, हा तुमचा अनुभव खोटा नाही. मात्र तो गुण कशामुळे आला, हे पाहायला हवे. लहान मुलाचा सर्दीतला खोकला किती दिवस टिकतो, याविषयी घरोघरी जी अपेक्षा असते आणि प्रत्यक्षात जे घडते, त्यांत मोठे अंतर आहे. बहुतेक पालकांना तो चार-पाच दिवसांत थांबायला हवा असे वाटते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून 2013 साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्या मुलांचा खोकला सुमारे दहा दिवसांत थांबला, आणि दहापैकी नऊ मुलांचा थांबायला सुमारे पंचवीस दिवस लागले. म्हणजे दोन-अडीच आठवडे चाललेला, पण हळूहळू उतरत असलेला खोकला हा आजार बिघडल्याचा पुरावा नसतो. त्यातही खोकल्याचा जोर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत जास्त असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत, दोन-तीन रात्री जागून काढल्यावर, घरातले कोणीतरी मेडिकलमध्ये जाते. बाटली सहाव्या दिवशी सुरू होते, आठव्या-नवव्या दिवशी खोकला कमी व्हायला लागतो आणि श्रेय बाटलीला मिळते. बाटली आणली नसती तरी नववा दिवस उजाडलाच असता.

म्हणूनच औषधाचा खरा गुण पाहायचा असेल, तर एका गटाला औषध आणि दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे, तसेच लागणारे गोड पाणी देऊन तुलना करावी लागते, आणि कोणाला काय मिळाले हे पालकांनाही कळू द्यायचे नसते. असा एक नेटका अभ्यास अमेरिकेत 2004 साली झाला. रात्रीच्या खोकल्याने त्रस्त शंभर मुलांपैकी काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबणारे औषध, काहींना डायफेनहायड्रामिन हे झोप आणणारे अँटिहिस्टामिन, तर काहींना गोड पाणी दिले. दुसऱ्या रात्री तिन्ही गटांतील मुले आधीच्या रात्रीपेक्षा चांगली होती, आणि तिन्हींमध्ये काही फरक नव्हता. मुलाची झोप आणि आई-वडिलांची झोप हेही विचारले होते, त्यातही फरक आढळला नाही. आपल्याकडे पुष्कळ जण मनातल्या मनात हिशेब करतात की खोकला नाही थांबला तरी निदान मूल झोपेल तरी. त्या हिशेबालाही या अभ्यासातून आधार मिळत नाही. त्याच संशोधकांनी पुढे 2014 मध्ये चार वर्षांखालील मुलांना एका गटात अगेव्ह वनस्पतीचा गोड पाक, दुसऱ्यात निव्वळ गोड रंगीत पाणी, आणि तिसऱ्यात काहीच न देता पाहिले. पाक आणि रंगीत पाणी सारखेच निघाले, आणि दोन्ही काहीच न देण्यापेक्षा बरे ठरले. मुलाच्या तोंडात काहीतरी गोड गेले आणि पालकांनी काहीतरी केले, एवढ्यानेही रात्र बरी गेल्यासारखी वाटते. कॉकरेन या संस्थेच्या आढाव्यात अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. चाचण्या लहान आहेत आणि त्यांचा दर्जाही एकसारखा नाही, परंतु मुलांमध्ये खोकल्याची बाजारातली औषधे गोड पाण्यापेक्षा सरस ठरतात असे त्यांतून दिसत नाही.

वाफेचा पुरावा याहूनही तोकडा आहे. गरम, दमट हवा आणि सर्दी या विषयावरील कॉकरेनचा आढावा चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉक्टरांनी केला आहे, म्हणजे तो वाफेची सवय नसलेल्या परदेशी लोकांनी दुरून काढलेला निष्कर्ष नव्हे. त्यातल्या चाचण्यांत ठराविक तापमानाची दमट हवा नाकात सोडणारे यंत्र वापरले होते. काहींमध्ये नाक मोकळे वाटले, काहींमध्ये काहीच फरक पडला नाही, आणि नाकातून बाहेर पडणारे विषाणू त्या उष्णतेने कमी झाले नाहीत. एकूण फायदा सिद्ध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कुत्रा भुंकल्यासारखा खोकला येतो त्या क्रूप नावाच्या आजारात तर वाफ किंवा दमट हवा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय मानला जाई. तिथेही चाचण्यांत उपयोग दिसला नाही, आणि आता त्या आजारात स्टेरॉइडचा एक डोस देतात, ज्याचा उपयोग खरोखर सिद्ध झालेला आहे.

वाफ छातीत उतरून कफ वितळवते, ही समजूत फार पक्की आहे. प्रत्यक्षात पातेल्यातून उठणारी वाफ नाकात आणि घशात शिरताच थंड होते आणि तिचे पाणी होऊन ती तिथेच बसते. फुप्फुसाच्या लहान नळ्यांपर्यंत ती पोहोचत नाही. मोठ्या माणसाला नाक चोंदलेले असताना वाफेने दहा-पंधरा मिनिटे बरे वाटते, ते खरे आहे, आणि तेवढ्यापुरती त्याने ती घ्यायला माझी हरकत नाही. पण त्याला डोळे मिटून स्थिर बसता येते आणि चटका बसला तर मागे सरता येते. सव्वादोन वर्षांच्या मुलाला यांतले काही जमत नाही. चादरीच्या अंधारात ते घाबरते, रडते, आणि रडल्याने नाक आणखी भरते.

खरे नुकसान वाफेने क्वचित होते, ते होते वाफेच्या पाण्याने. ब्रिटन आणि नेदरलँड्स येथील भाजलेल्या रुग्णांच्या केंद्रांनी अशा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्यांतले चित्र आपल्याकडे दिसते तेच आहे. मूल मांडीवर किंवा पाटावर, समोर पातेले, वरून चादर किंवा गोधडी. मूल पाय झाडते, चादर ओढते किंवा पातेल्याच्या काठाला धरून उभे राहू पाहते, आणि पाणी सरळ त्याच्या मांड्यांवर, ओटीपोटावर आणि जननेंद्रियांवर सांडते. अपघाताच्या वेळी मोठे माणूस जवळ नव्हते असे सहसा नसते, ते त्याला धरूनच बसलेले असते. सत्तर अंश सेल्सिअसचे पाणी त्वचा खोलवर भाजायला साधारण एक सेकंद घेते, आणि लहान मुलाची त्वचा पातळ असल्याने तेवढाही वेळ लागत नाही. गॅसवरून उतरवून पाच मिनिटे झालेल्या पातेल्यातले पाणी बहुधा याहून गरमच असते. मुलाचा तळहात बोटांसकट त्याच्या शरीराच्या एक टक्का धरतात. त्या मापाने दोन्ही मांड्यांचा पुढचा भाग आणि ओटीपोट मिळून दहा टक्क्यांच्या आसपास जाते, आणि एवढे भाजलेल्या लहान मुलाला दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाइन द्यावे लागते. साध्या सर्दीसाठी ही जोखीम घेण्यासारखे त्या वाफेत काही नाही. विजेवर चालणारी छोटी वाफेची यंत्रे मिळतात, त्यांत पाणी कमी असते, पण तेही उकळलेलेच असते आणि मुलाचा हात वायरकडे जातोच. दुर्दैवाने असा अपघात झालाच, तर ओले कपडे ताबडतोब काढून त्या जागेवर नळाचे साधे पाणी सलग वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काही लावू नये, आणि 108 ला फोन करावा.

पाण्यात घातल्या जाणाऱ्या गोष्टींविषयी थोडेसे. कापूर आणि निलगिरीचे तेल यांच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे *वाटते*, कारण मेन्थॉलसारखेच ते नाकातल्या थंडाव्याच्या जाणिवेला चेतवतात. हवेचा मार्ग रुंद होतो असे मात्र नाही. कापूर मेंदूला उत्तेजित करतो आणि पोटात गेल्यास लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. एखादी वडी चघळली तरी ते संकट असते. म्हणून कापूर-ओव्याची पुरचुंडी पाळण्याला किंवा मुलाच्या गळ्यात बांधू नये. छातीला लावायचे कापूरयुक्त मलम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये, आणि त्यावरील मुलांच्याही नाकपुडीत ते कधीच भरू नये.

दवाखान्यात नेब्युलायझरने देतात त्यालाही आपल्याकडे वाफच म्हणतात, म्हणून एक खुलासा करतो. नेब्युलायझरमध्ये पाणी तापवलेले नसते. त्यातून औषधाचे अतिसूक्ष्म थेंब फुप्फुसात जातात, आणि दमा असलेल्या मुलाला त्याचा निश्चित उपयोग होतो. ज्याला दमा नाही, ज्याच्या छातीत घरघर नाही, त्याच्या साध्या सर्दीला त्याचा उपयोग नाही. एका मुलासाठी आणलेले यंत्र आणि त्यातले औषध शेजारच्या सगळ्या मुलांना फिरवले जाते, ते थांबायला हवे.

आता सिरपकडे येतो, कारण तुमच्या घरातला सर्वांत तातडीचा प्रश्न माझ्या मते तिथे आहे. तुम्ही बाटलीवरचे घटक लिहिलेले नाहीत, पण सर्दी-खोकल्याच्या ज्या बाटल्या मुलांसाठी सर्रास विकल्या जातात, त्यांत बहुधा तीन औषधे एकत्र असतात: झोप आणणारे क्लोरफेनिरामिन, नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवणारे फेनिलएफ्रिन, आणि तापाचे पॅरासिटामॉल. हे तिसरे नाव पालकांच्या नजरेतून निसटते. बाटली आत्ताच हातात घ्या आणि घटकांच्या यादीत ते शोधा. समजा त्यात प्रत्येक पाच मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे आणि तुम्ही दिवसातून तीनदा पाच मिलिलिटर देत आहात. मग त्या बाटलीतून मुलाला 375 मिलिग्रॅम जाते. तापाचे सिरप पाच मिलिलिटरला 250 मिलिग्रॅमचे असेल आणि साडेतीन मिलिलिटर, चार वेळा दिले जात असेल, तर त्यातून 700 मिलिग्रॅम जाते. साडेअकरा किलोला एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे 170 मिलिग्रॅम लागते, त्यामुळे तापाच्या सिरपचा हा एकेक डोस अगदी योग्य आहे आणि तुमची त्यात काही चूक दिसणार नाही. पण दोन्ही मिळून दिवसाला 1075 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे 93 मिलिग्रॅम होतात. सुरक्षित मर्यादा किलोमागे 60, आणि फार तर 75 मिलिग्रॅम धरतात. एखाद्या दिवसाने यकृताला इजा होण्याची शक्यता कमी असते, पण जेवण कमी असलेल्या आणि उलट्या करणाऱ्या मुलाला हेच चार-पाच दिवस चालले, तर ती शक्यता वाढत जाते. त्यातून माप घरातल्या चमच्याने घेतले जात असेल, तर हे आकडेही भरवशाचे राहत नाहीत, कारण घरातले दोन चमचे सारखे नसतात. तुमच्याकडे दोन्ही बाटल्यांत पॅरासिटामॉल निघाले आणि तीन-चार दिवसांपेक्षा जास्त काळ असे दिले गेले असेल, तर उद्याच बालरोगतज्ज्ञांना दोन्ही बाटल्या दाखवा.

याहून गंभीर चूक ड्रॉप्स आणि सिरप यांच्या अदलाबदलीत होते. तान्ह्या बाळांसाठी कमी मात्रेत देता यावे म्हणून ड्रॉप्स सिरपपेक्षा कितीतरी घट्ट केलेले असतात. एका प्रकारच्या ड्रॉप्समध्ये *एका* मिलिलिटरमध्येच 2 मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन आणि 5 मिलिग्रॅम फेनिलएफ्रिन असते. मोठ्या मुलीला अडीच मिलिलिटर सिरप देत होतो, या आठवणीने कोणी धाकट्याला या ड्रॉप्सचे अडीच मिलिलिटर दिले, तर त्याला एका वेळी 5 मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन आणि साडेबारा मिलिग्रॅम फेनिलएफ्रिन जाते. मोठ्या माणसाच्या नेहमीच्या गोळीत हेच अनुक्रमे 4 आणि 10 मिलिग्रॅम असते. म्हणजे आठ-दहा किलोच्या बाळाला पूर्ण वाढलेल्या माणसाहून जास्त औषध गेले. असे बाळ एक तर गुंगून पडते किंवा उलट चिडचिडे होऊन रात्रभर तळमळते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि क्वचित झटकेही येतात. याच मिश्रणाच्या बाबतीत भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये, चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला सांगितले. अमेरिकेत 2007-08 सालीच दोन वर्षांखालील मुलांसाठी अशी औषधे बाजारातून मागे घेतली गेली आणि नंतर लेबलवरची मर्यादा चार वर्षांवर नेली. ब्रिटनने 2009 मध्ये ती सहा वर्षे केली. छाती मोकळी करणारे म्हणून जे सिरप मिळते त्यात बहुधा अँब्रॉक्सॉलबरोबर टर्ब्युटालिन असते. दमा नसलेल्या मुलात त्याने हात थरथरतात आणि छाती धडधडते, खोकल्याला मात्र फरक पडत नाही. अडुळशाच्या गोड सिरपांवरही लहान मुलांत तुलनेच्या विश्वासार्ह चाचण्या नाहीत, त्यामुळे लेबलवरच्या पानाच्या चित्राला मी वेगळी सवलत देत नाही.

छिंदवाड्याच्या घटनेने तुमच्या मनात आलेली भीती निराधार नाही, पण तिचे कारण नीट समजून घ्यावे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणली होती. कोल्ड्रिफ नावाच्या सिरपच्या एका बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य 48.6 टक्के निघाले, जिथे ते 0.1 टक्क्याहून अधिक असता कामा नये. सिरपमधली औषधे विरघळवण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. त्यांच्याऐवजी स्वस्त, औद्योगिक दर्जाचे द्रव्य आले आणि कारखान्यात कच्च्या मालाची तपासणी झाली नाही, की हे विष आत येते. ते गोडसर असते, त्याला रंग किंवा वास नसतो, म्हणून चवीवरून किंवा बाटली उजेडात धरून ते ओळखता येत नाही. महाराष्ट्राला हे विष नवे नाही. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती. 2022 साली गांबियात भारतात बनलेल्या सिरपांशी सुमारे सत्तर मुलांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला.

तुमच्या हातातली बाटली दूषित असण्याची शक्यता फार लहान आहे, हे मी स्पष्टपणे सांगतो. परंतु ज्या औषधाचा फायदा गोड पाण्याइतकाच आहे, त्याच्यासाठी लहानशी शक्यतासुद्धा का पत्करायची, एवढाच प्रश्न उरतो. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे शिफारस करण्याजोगी नाहीत, असे कळवले. कोणत्याही सिरपनंतर मुलाला वारंवार उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा मूल गुंगीत जाऊ लागले, तर ती सर्दी वाढल्याची लक्षणे समजू नयेत. लघवी बंद होणे ही त्यातली सर्वांत बोलकी खूण आहे.

मग रात्री करायचे काय? तुमच्या मुलाच्या वयाला ज्याला थोडाफार पुरावा आहे, असा एक उपाय घरातच आहे, तो म्हणजे मध. इस्राएलमध्ये एक ते पाच वर्षांच्या तीनशे मुलांना झोपण्यापूर्वी दहा ग्रॅम मध किंवा तसाच दिसणारा खजुराचा पाक दिला होता. पाक मिळालेल्या मुलांनाही बरे वाटले, पण मध मिळालेल्या मुलांचा रात्रीचा खोकला अधिक कमी झाला. फरक मोठा नाही, आणि तो एका रात्रीपुरताच मोजलेला आहे, हेही लक्षात ठेवावे. झोपण्याच्या अर्धा तास आधी अर्धा ते एक छोटा चमचा मध नुसता किंवा कोमट पाण्यातून द्यावा आणि नंतर दात पुसावेत. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध अजिबात देऊ नये, बोटावरून चाटवूसुद्धा नये आणि बाळगुटी त्यात उगाळू नये. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीज असू शकते. ते तान्ह्याच्या आतड्यात रुजते आणि त्याच्या विषाने बाळ लुळे पडते.

दुसरे काम नाकाचे आहे. रात्रीचा खोकला बराचसा नाकातला शेंबूड मागे घशात उतरल्याने येतो. मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, ज्यावर 0.65 टक्के सोडियम क्लोराइड असे लिहिलेले असते, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब जेवणाआधी आणि झोपण्याआधी घालावेत, आणि मिनिटभराने नाक पुसून घ्यावे. मेडिकलमध्ये हे घेताना घटकाचे नाव वाचूनच घ्या, कारण तशाच छोट्या बाटलीत ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेले, रक्तवाहिन्या आकसवणारे थेंबही मिळतात. ते जास्त गेल्यास लहान मूल गुंगून पडते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. खोकताना झालेली उलटी बहुधा गिळलेल्या कफाची असते. संध्याकाळचे जेवण थोडे लवकर आणि हलके दिल्याने ती कमी होते. पाणी, वरणाचे पाणी, दूध, जे मूल आवडीने घेईल ते थोडे-थोडे द्यावे. दुधाने कफ होतो म्हणून ते बंद करण्याचे कारण नाही. घरात कोणी बिडी ओढत असेल, चुलीचा धूर येत असेल, किंवा ऊसतोडीच्या हंगामात शेजारच्या शेतात पाचट पेटवले असेल, तर त्या धुराने खोकला लांबतो. मुलाला त्या वेळी आतल्या खोलीत ठेवणे कोणत्याही बाटलीपेक्षा उपयोगी आहे.

सासूबाईंना वाफ बंद करा म्हणून सांगणे अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. त्यांना मधाचे आणि नाकाच्या थेंबांचे काम सोपवावे. नातवासाठी काही केल्याचे समाधानही त्यांना मिळते आणि पातेले स्वयंपाकघरातच राहते.

आता श्वास मोजण्याविषयी. मूल झोपलेले किंवा शांत असताना आणि अंगात ताप नसताना सदरा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि दोन महिन्यांखाली 60 किंवा अधिक श्वास असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे तो वेगवान श्वास होय. एकदा जास्त आला तर पुन्हा मोजावा, आणि दुसऱ्यांदाही जास्त असेल तर त्याच दिवशी दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, शांत बसल्यावरही श्वासाला आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा मूल काहीच पीत नसेल, तर रात्र असली तरी थांबू नये. ताप तीन दिवसांहून अधिक टिकला किंवा जाऊन पुन्हा आला, तरीही दाखवावे लागेल. खेळता-खेळता किंवा शेंगदाणे-फुटाणे खाताना एकाएकी ठसका लागून खोकला सुरू झाला असेल, तर दाणा श्वासनलिकेत अडकल्याची शक्यता असते, आणि मूल नंतर बरे दिसले तरी तपासणी आवश्यक असते. खोकला चार आठवड्यांच्या पुढे गेला, वजन घटले किंवा घरात कोणाला क्षयरोग झालेला असेल, तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो. दाखवायला जाताना दिलेल्या सर्व बाटल्या, झाकणे आणि मापे यांसह, बरोबर न्याव्यात, आणि त्यांवरचा बॅच क्रमांक पुसला जाणार नाही याची काळजी घ्यावी.